निओप्रीन आणि स्कूबा निट: पावसाळ्यातील धुणे-वाळवणे

गोव्यात डायव्हिंगसाठी वापरला जाणारा साधारण ३ मिलिमीटर जाडीचा निओप्रीन सूट म्हणजे बंद वायुकोशांचा रबरी फोम असून, त्या कोशांतील वायूमुळेच अंगाची ऊब टिकते; स्कूबा निट मात्र पॉलिस्टर-स्पॅन्डेक्सचे, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे दुहेरी विणीचे कापड असल्याने पाण्यात ते ऊब देत नाही.

स्कूबा निट थंड पाण्यात, मशीनच्या सौम्य फेरीत धुवावे. निओप्रीन मात्र गोड्या पाण्यात हातानेच खळबळावे, न पिळता निथळू द्यावे आणि आधी उलटे करून, कमरेपाशी रुंद हँगरवर टाकून पंख्याखाली सावलीत वाळवावे. घडीची रेघ बोटाने दाबल्यावर पातळच राहिली, तर तेथील कोश चेपलेले असतात.