सात महिने इनपेंटिंग वापरल्यावर: खोडायला एआय, लिहायला कीबोर्ड

माझी मावशी घरगुती मसाले विकते. तिच्या पाकिटांचे फोटो, लेबलं, व्हॉट्सॲपवर टाकायची जाहिरात हे सगळं मी करतो. सात महिन्यांपूर्वी मी स्टेबल डिफ्युजन या चित्रं बनवणाऱ्या एआयचं इनपेंटिंग मॉडेल घरच्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि कम्फीयूआय या प्रोग्रॅममधून वापरायला लागलो. फोटोतला नको तो भाग मास्कने झाकायचा आणि तिथे काय हवं ते लिहायचं, एवढंच काम. टेबलावरचा डाग, मागचा सिलिंडर, पाकिटावरची चमक हे सगळं इतकं सफाईने जातं की मी त्याच्या प्रेमात पडलो. अक्षरांनी मात्र पहिल्याच आठवड्यात अडवलं.

कांदा लसूण मसाल्याच्या पाकिटाचा एक सुंदर फोटो आमच्याकडे होता. तोच वापरून त्यावर ‘गोडा मसाला’ आणायचं होतं. नावावर मास्क लावला, प्रॉम्प्टमध्ये शब्द लिहिला. जे आलं ते लांबून अगदी मराठी दिसत होतं. शिरोरेषा सरळ, रंग तोच, शाईचा पोतही तोच. जवळ गेल्यावर शिरोरेषेखाली अर्धा ड आणि अर्धा ह मिळून एक आकार, त्यापुढे दोन काने आणि शेवटी कुठल्याच लिपीत नसलेली एक गाठ. सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, चाळीसेक वेळा बदलून पाहिला. दर वेळी नवी चूक, बरोबर शब्द एकदाही नाही.

हे का होतं ते समजल्यावर माझा त्रागा थांबला. हे मॉडेल चित्र थेट पिक्सेलमध्ये रंगवत नाही. आधी चित्र आक्रसून एका छोट्या जाळीत बसवलं जातं आणि त्या जाळीचा एकेक चौकोन मूळ चित्रातल्या ८ × ८ पिक्सेलचा असतो. त्या ६४ पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा धरून १९२ आकडे होतात. त्यांच्या जागी स्टेबल डिफ्युजन १.५ आणि एसडीएक्सएल या आवृत्त्यांमध्ये फक्त ४ आकडे उरतात. भिंत, कापड, मिरचीची रास यांना तेवढं पुरतं. पण पाकिटावरचा बारीक मजकूर माझ्या फोटोत १८ पिक्सेल उंच होता, म्हणजे जेमतेम सव्वादोन चौकोन. त्यातला अनुस्वार ३ पिक्सेलचा, अर्ध्या चौकोनाएवढाही नाही. तो टिकणार कसा?

मोठ्या अक्षरांना हे कारण लागू नाही. ‘गोडा मसाला’ १४० पिक्सेल उंच होतं, जागा भरपूर होती. तिथे अडचण प्रॉम्प्टच्या बाजूने येते. आपण लिहिलेला शब्द मॉडेलपर्यंत अक्षरांच्या रूपात पोहोचतच नाही. आधी त्याचे तुकडे होतात, आणि देवनागरीत तर एका अक्षरचिन्हाचे ३ बाइट असल्यामुळे ‘गोडा’ या चार चिन्हांच्या शब्दाचे १२ बाइट होऊन त्यांचे तुकडे पडतात. त्यातच प्रॉम्प्ट समजून घेणारा भाग मुख्यतः इंग्रजी ओळींवर शिकलेला. ‘इथे देवनागरी काहीतरी आहे’ एवढाच बोध पुढे जातो. मग मॉडेल देवनागरी जशी दिसते तसं काहीतरी रंगवतं. पान थोडं वेगळं आलं तरी पानच राहतं. ड ची गाठ जरा सरकली की तो ड राहत नाही.

माझ्या वापरात नव्या मॉडेलांतून मोठी इंग्रजी अक्षरं बरीच बरी आली. देवनागरी जोडाक्षरांवर मात्र अजून भरवसा ठेवावा असं मला दिसलेलं नाही.

तेव्हापासून मी पद्धत उलटी केली. मॉडेलला शब्द सांगतच नाही. जुनं नाव झाकायचं आणि कोरा कागद मागायचा, `blank paper label, plain surface` एवढंच. एकरंगी लेबल असेल तर लामा हे खोडण्यासाठीच बनलेलं मॉडेल जास्त चांगलं. त्याला प्रॉम्प्ट लागत नाही, त्यामुळे कोऱ्या जागी मनाने अक्षरांसारखं काही उगवण्याची भीतीही कमी.

इथे माझ्या हातून एक चूक झाली होती. नाव खोडलेला फोटो मी तसाच मावशीला पाठवला. खालचा एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक तिने चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, “अरे, हा आठ आहे की तीन?” मास्क तर तिथे नव्हताच! पण माझ्या जोडणीत अख्खं चित्र आक्रसून परत उलगडत होतं, म्हणून मास्कबाहेरचे बारीक अंकही बिघडले. आता शेवटी `ImageCompositeMasked` हा नोड लावतो आणि मास्कमधला भाग तेवढा नव्या चित्रातून घेऊन मूळ फोटोवर ठेवतो. बाकीचे पिक्सेल जसेच्या तसे राहतात.

कोरं लेबल मिळालं की टायपिंग गिम्प या फोटो एडिटरमध्ये. फाँटसाठी मी टिरो देवनागरी मराठी घेतो, आणि त्यामागेही मावशीच आहे. पहिल्यांदा वापरलेल्या फाँटमध्ये ‘मसाला’ पाहून ती म्हणाली होती, “हा ल आपला नाही.” खरंच होतं. उजवीकडे उभा दांडा असलेला तो हिंदी वळणाचा ल होता. आपला ल दोन्हीकडे पाळ्या असलेला. काही फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, तेव्हा टेक्स्ट टूलच्या `Language` मध्ये मराठी निवडून पाहावं.

मग मजकूर लेबलावर बसवणं. टेक्स्ट लेअरची एक प्रत बाजूला ठेवतो, कारण एकदा वाकवल्यावर तो मजकूर पुन्हा नीट बदलता येत नाही. Shift+P दाबून पर्स्पेक्टिव्ह घेतो आणि शिरोरेषा लेबलाच्या वरच्या काठाच्या कलाशी जुळवतो. शिरोरेषा ही आपल्याला आयती मिळालेली पट्टी आहे, अर्धा अंश चुकला तरी डोळ्याला लगेच खुपतं. रंग काळा घेत नाही. शेजारच्या छापील अक्षरातून उचलतो. माझ्या फोटोत तो (५२, ३८, ३४) असा तपकिरी निघाला. लेअरचा मोड `Multiply`, म्हणजे कागदाच्या सुरकुत्या अक्षरातूनही दिसतात. शेवटी ०.६ पिक्सेलचा गॉशियन ब्लर आणि किंचित नॉइज. १०० टक्के झूमवर जुनं आणि नवं अक्षर शेजारीशेजारी पाहायचं. नवं जास्त धारदार दिसलं तर ब्लर कणभर वाढवायचा.

आणि हे झाल्यावर चित्र पुन्हा मॉडेलमधून काढायचं नाही. ‘एकजीव दिसेल’ म्हणून मी एकदा डिनॉइझ, म्हणजे मॉडेलने किती बदलायचं ते प्रमाण, ०.१५ वर ठेवून फिरवलं आणि बारीक मजकुरातल्या सगळ्या वेलांट्या बुजल्या.

१००, २०० आणि ५०० ग्रॅमची पाकिटं एकदम करायची असतील तेव्हा पिलो ही पायथनची चित्रांसाठीची लायब्ररी वापरतो. आधी हे तपासा:

```python
from PIL import features
print(features.check("raqm"))
```

`False` आलं तर अक्षरं जुळवणारी राक्म ही लायब्ररी नाही, आणि जोडाक्षरं जुळणार नाहीत. चाचणीला मी ‘निव्वळ वजन’ टाइप करतो. वेलांटी न च्या नंतर पडली किंवा व्व च्या जागी हलंत दिसला, की राक्म नाही हे कळतं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत असंच झालं तर टाइपच्या सेटिंगमधलं टेक्स्ट इंजिन बदलावं लागतं.

रंगवलेल्या पाट्यांवर ही पद्धत चालत नाही. ब्रशने काढलेल्या अक्षरांशेजारी टाइप केलेलं अक्षर परकं दिसतं, कितीही ब्लर करा. तिथे मी हवा तो शब्द कागदावर ब्रशने लिहून घेतो, स्कॅन करतो आणि तोच लेअर वरच्याच पद्धतीने बसवतो.