टाचांना युरिया, हातांना ग्लिसरीन आणि शियाचं झाकण : पाच महिने वापरल्यानंतर

मी पुण्यात पोळी-भाजी केंद्र चालवते. पहाटे पाचपासून दुपारपर्यंत शहाबादी फरशीवर उभी असते आणि दिवसातून पंचवीस-तीस वेळा तरी हात धुते. नोव्हेंबरात उजव्या टाचेची भेग इतकी खोल गेली की चादरीला रक्ताचे डाग पडू लागले. हातांची बोटं सांध्यांवर उलली होती. तेव्हापासून मार्चअखेरपर्यंत तीन प्रकारची क्रीम वापरली.

पहिली चूक सांगते. दुकानदाराने वीस टक्के युरियाचं क्रीम दिलं आणि मी ते सरळ उघड्या भेगेत भरलं. अशी आग झाली की रात्री उठून पाय धुवावा लागला. क्रीम खराब नव्हतं, माझी वेळ चुकली होती. युरिया कमी प्रमाणात, म्हणजे पाच-दहा टक्क्यांपर्यंत, मुख्यतः कातडीत पाणी धरून ठेवतो. वीसच्या आसपास गेलं की तो जाड, मेलेली कातडी सैल करू लागतो. टाचेच्या कडेला जी पिवळट, टणक कड होते ती वाकत नाही, म्हणून वजन पडलं की चिरते. युरियाचं काम त्या कडेवर आहे, जखमेवर नाही.

मग आठ दिवस युरिया बंद ठेवला. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे, टिपून कोरडे करायचे, भेगेवर साधी पेट्रोलियम जेली लावायची आणि वर सुती मोजे. भेग मिटल्यावर वीस टक्के युरिया परत सुरू केला, फक्त कडेवर. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत क्रीमची रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो. मला दोन्ही टाचांना मिळून तेवढं पुरतं, म्हणजे तीस ग्रॅमची ट्यूब दोन महिने जाते. तिसऱ्या आठवड्यात अंघोळीच्या वेळी वज्री हलकी फिरवली तरी कड निघू लागली. पूर्वी मी कोरड्या टाचेवर जोर लावून घासायची आणि त्यानेच भेग आणखी उघडायची.

शिया बटरकडून माझी अपेक्षा फार होती. सकाळी टाच मऊ लागायची, पण महिनाभरानंतरही कड होती तशीच. शिया कातडीतलं पाणी उडू देत नाही, जाडी मात्र कमी करत नाही. माझं माहेर कोकणातलं. तिथे आजी कोकमाचं मुठेल पातळ करून भेगांत सोडायची, त्याची जात हीच. म्हणून आता शिया युरियाच्या वर, दहा मिनिटांनी, झाकण म्हणून लावते. मार्चच्या उन्हात डबी वितळली आणि परत घट्ट झाल्यावर आत रवा जमला. ते नासलेलं नसतं, बोटांच्या उबेने तो रवा विरघळतो.

हातांचं गणित वेगळं निघालं. तिथे कातडी जाड झालेली नसते, साबणाने तिच्यातला स्निग्धपणा धुऊन गेलेला असतो. टाचेचं क्रीम हातांच्या पाठीवर लावलं तेव्हा चुरचुरलं आणि सालं निघाली. हातांना ग्लिसरीनचं पातळ क्रीमच मानवलं. घटकांच्या यादीत ग्लिसरीन पाण्याच्या लगेच नंतर असेल तर त्याचं प्रमाण चांगलं, सुगंधाच्या आसपास असेल तर नावापुरतं. बाटलीतलं नुसतं ग्लिसरीन चिकट लागतं आणि हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ते कातडीच्या आतलंच पाणी वर ओढतं. म्हणून हात किंचित ओलसर असतानाच क्रीम लावायचं. कणीक मळताना क्रीम चालत नाही, त्यामुळे मी दुपारी काम संपल्यावर आणि झोपताना लावते, बिनवासाचं. भांडी घासताना आता हातमोजे घालते. अंगठीखालची कातडी आठवणीने कोरडी केली आणि तिथली चुरचुर थांबली.

सासूबाईंनाही भेगा आहेत, पण त्यांना मधुमेह आहे आणि तळव्यांना स्पर्श कमी कळतो. माझी ट्यूब मी त्यांना दिली नाही. आग झाली तरी त्यांना समजली नसती. डॉक्टरांनी पाय पाहून त्यांना दहा टक्के युरिया दिला, वज्री पूर्ण बंद केली आणि रोज संध्याकाळी कुणीतरी तळवे पाहायला सांगितले. ते मी करते. माझ्याकडच्या मदतनीस बाईंच्या एकाच पायाला कोंडा आणि बोटांच्या बेचक्यात खाज होती. महिनाभर क्रीम लावून काही फरक पडला नाही. तपासल्यावर बुरशी निघाली आणि तिचं औषध सुरू झालं.

आता एप्रिलमध्ये युरिया आठवड्यातून दोनदाच लावते. त्याहून कमी केलं की दहा-बारा दिवसांत ती कड बोटाला पुन्हा लागायला लागते.