पोट बिघडल्यावर आधी काय: पेज, कण्या की भाकरी?

उलट्या थांबल्या, जुलाब कमी झाले, भूक लागली. सोलापूरच्या घरात अशा वेळी हात आधी ज्वारीच्या डब्याकडे जातो. पण पहिला घास तांदळाचाच बरा. तांदळाचा स्टार्च लहान आतड्यात जवळजवळ पूर्ण शोषला जातो, चोथा फारसा उरत नाही. ज्वारीत कोंडा जास्त आणि तिचं प्रथिन शिजल्यावर आणखी दुष्पच होतं. एरवी हाच तिचा गुण, पण सुजलेल्या आतड्याला तो जड जातो.

समजा, शेवटची उलटी रात्री दहाला झाली. दहा मिनिटं थांबून ओआरएस चमच्या-चमच्यानं सुरू करायचं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायचं, पाणी कमी पडलं तर जुलाब वाढतात. सकाळपर्यंत ते पोटात टिकलं की पेज. पाव वाटी तांदूळ, अडीच वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, कुकरला पाच शिट्या, मग घोटून घ्यायची. एका वेळी अर्धी वाटी, दर दोन-तीन तासांनी. मधल्या वेळी पिकलेलं केळं. जुलाबात गेलेलं पोटॅशियम त्यातून थोडं भरून येतं.

इथे एक गैरसमज नडतो. पेज खाल्ल्यावर लगेच संडासला लागलं की लोक म्हणतात, "खाल्लेलं तसंच बाहेर पडतंय." तसं नसतं. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलतं आणि आधीचंच बाहेर पडतं. एखाद्या पातळ जुलाबानं खाणं थांबवू नका. पुन्हा उलटी झाली किंवा मुरडा वाढला तरच सहा तास फक्त ओआरएसवर या.

पेजेवर दोन दिवसांपेक्षा जास्त राहणंही चूक, कारण तिच्यात प्रथिनं नावापुरती. दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण, फोडणी नको. ज्वारीच्या कण्यांचा नंबर त्यानंतर: चार तास भिजवून, सहापट पाण्यात पार मऊ होईपर्यंत शिजवलेल्या. त्या सोसल्या की चौथ्या दिवसाच्या सुमारास ताजी, मऊ भाकरी वरणात कुस्करून. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र शेवटी. चटणीतलं तेल आणि तिखट, दोन्ही आतड्याला डिवचतात.

दूध की ताक? आठवडाभर ताकच. आजारात आतड्याचं अस्तर सोलवटतं, दुधातली साखर पचवणारं विकर घटतं, म्हणून दुधानं पोट गुबारतं. बाळाला अंगावर पाजणं मात्र थांबवायचं नाही, आणि लहान मुलांना पेजेवर अडकवून न ठेवता त्यांचं नेहमीचं जेवण लवकर द्यायचं.

शौचात रक्त, जोराचा ताप, सात-आठ तास लघवी नाही किंवा ओआरएसही टिकत नाही, तर पेज-कण्यांचा विचार सोडून दवाखाना गाठा.