नागपूरच्या नकाशावर ए-स्टार: सरळ अंतराचा अंदाज घ्यावा की लँडमार्कचा?

डिलिव्हरीसाठी, रुग्णवाहिकेसाठी किंवा स्कूलबससाठी नागपूर शहरात सर्वांत कमी वेळाचा रस्ता शोधणारा प्रोग्राम लिहायचा असेल, तर ए-स्टार ही रस्ता शोधण्याची पद्धत घ्यायची हे बहुतेकांचे लवकर ठरते. अडते ते अंदाजाच्या सूत्रावर. ए-स्टार प्रत्येक चौकासाठी `f = g + h` काढते. `g` म्हणजे इथवर खरोखर लागलेला वेळ आणि `h` म्हणजे इथून पुढे लागेल असा अंदाज. ज्या चौकाचा `f` सर्वांत कमी, तो आधी उघडायचा, म्हणजे तिथून पुढे जाणारे रस्ते तपासायचे. `h` सगळीकडे शून्य ठेवला, तर हाच शोध डायक्स्ट्रा होतो. त्याचे उत्तर बिनचूक असते, पण तो वर्तुळासारखा चहूकडे पसरतो. कामठीला जायचे असले तरी हिंगण्याकडचे चौकही उघडत बसतो.

`h` ॲडमिसिबल असणे म्हणजे कोणत्याही चौकापासून मुक्कामापर्यंतचा अंदाज खऱ्या कमीत कमी वेळापेक्षा कधीही जास्त न भरणे. अंदाज कमी भरला तर थोडे जास्त चौक उघडतात, एवढेच. जास्त भरला तर चांगला रस्ता रांगेत मागे पडतो आणि चुकीचे उत्तर कोणतीही तक्रार न करता हातात येते.

आपल्यासमोर तीन पर्याय आहेत: सरळ अंतर भागिले सरासरी वेग, सरळ अंतर भागिले कमाल वेग, आणि लँडमार्क, म्हणजे काही ठरावीक चौकांपासून आधीच मोजून ठेवलेल्या वेळा.

पहिला पर्याय सर्वांना आधी सुचतो, कारण शहरात गाडी साधारण ताशी 25 किलोमीटरनेच चालते. तो नेमका कुठे फसवतो ते एका उदाहरणात पाहू. त्यातले आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून धरलेले आहेत. मनीषनगरहून कामठी रोडवर जायचे आहे. एक रस्ता सीताबर्डीतून जातो: बर्डीपर्यंत 12 मिनिटे, तिथून पुढे आणखी 12, म्हणजे एकूण 24. दुसरा रिंग रोडने जातो: वळणापर्यंत 4 मिनिटे, पुढे 13 किलोमीटर ताशी 60 ने 13 मिनिटे, म्हणजे एकूण 17. मुक्कामापासूनचे सरळ अंतर बर्डीला 4.5 किलोमीटर आणि रिंग रोडच्या वळणाला 10 किलोमीटर आहे.

| | बर्डीचा f | वळणाचा f | हाती येणारे उत्तर |
|---|---|---|---|
| सरासरी 25 ने | 12 + 10.8 = 22.8 | 4 + 24 = 28 | 24 मिनिटे |
| कमाल 60 ने | 12 + 4.5 = 16.5 | 4 + 10 = 14 | 17 मिनिटे |

सरासरी वेग घेतला की बर्डी आधी उघडते आणि मुक्काम 24 या किमतीने रांगेत येतो. 24 हा 28 पेक्षा कमी असल्याने वळण उघडण्याआधीच शोध संपतो. चूक वळणाच्या अंदाजात आहे. तिथून खरे तर 13 मिनिटे लागतात आणि अंदाज म्हणतो 24. कमाल वेग घेतला की वळण आधी उघडते, मुक्काम 17 ने रांगेत येतो, मग बर्डी उघडते आणि तिचा 24 चा रस्ता मागे पडतो. यात एक काळजी घ्या. मुक्काम रांगेतून बाहेर निघाला की थांबायचे, रांगेत शिरताच थांबायचे नाही. योग्य अंदाज असूनही चुकीचे उत्तर देणारे कितीतरी प्रोग्राम इथेच चुकलेले असतात.

सरासरी वेगाचा अंदाज हा कमाल वेगाच्या अंदाजाच्या 60/25 म्हणजे 2.4 पट आहे. त्यामुळे त्याचे उत्तर सर्वोत्तम वेळेच्या 2.4 पटीपेक्षा वाईट नसेल, एवढीच हमी मिळते. झटपट कच्चा अंदाज दाखवायला हे चालेल. रुग्णवाहिकेला चालणार नाही.

म्हणून दुसरा पर्याय घ्यावा, पण त्यातला कमाल वेग स्वतःच्या मनाने धरू नये. नकाशाच्या डेटातल्या प्रत्येक तुकड्याची लांबी भागिले वेळ काढा आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा घ्या. तुम्ही 60 धरले आणि वर्धा रोडचा एखादा तुकडा 80 ने नोंदलेला निघाला, तर अंदाज ॲडमिसिबल राहत नाही. उलट शिवमडक्याचा समृद्धी महामार्ग नकाशात आला, की त्याच्या 120 मुळे भाजक दुप्पट होतो, शहरातले सगळे अंदाज निम्मे होतात आणि शोध डायक्स्ट्राच्या जवळ जातो. उत्तर बरोबरच येते, फक्त वेळ जास्त लागतो. काम शहरापुरतेच असेल तर महामार्ग वगळून नकाशा कापून घ्या.

सरळ अंतर काढतानाही घात होतो. नागपूर साधारण 21.15 उत्तर अक्षांशावर आहे. इथे रेखांशाचा एक अंश सुमारे 104 किलोमीटर भरतो, 111 नव्हे. दोन्ही दिशांना 111 ने गुणले तर पूर्व-पश्चिम अंतर सुमारे 7 टक्क्यांनी फुगते, आणि भंडारा रोडसारख्या पूर्वेकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंदाज खऱ्या अंतराच्या वर जाऊ शकतो. हॅवरसाइन सूत्र वापरले तरी ते पृथ्वी अगदी गोल धरते, त्यामुळे उत्तर-दक्षिण अंतर इथे अर्ध्या टक्क्याच्या आसपास जास्त येते. रस्त्यांची लांबी दुसऱ्या पद्धतीने मोजलेली असेल तर `h` ला 0.995 ने गुणून टाका. चौकोनी ग्रीडसाठीचे मॅनहॅटन अंतर मात्र इथे घेऊच नये. तिरप्या रस्त्यावर ते 41 टक्क्यांपर्यंत जास्त भरते.

तिसरा पर्याय, लँडमार्क, गोल्डबर्ग आणि हॅरेलसन यांनी 2005 मध्ये मांडला. सरळ रेषेला रेल्वेमार्ग दिसत नाही. नागपूरच्या मधून रूळ जातात आणि ते ओलांडायच्या जागा मोजक्याच आहेत, म्हणून पलीकडचे ठिकाण सरळ अंतराने जवळ वाटते आणि प्रत्यक्षात लांब पडते. लँडमार्कचे अंदाज खऱ्या रस्त्यांच्या वेळेवरून निघत असल्याने ही अडचण त्यांना कळते. वाडी, कामठी, बुटीबोरी, पारडी असे कडेचे आठेक चौक निवडा. प्रत्येकापासून सगळीकडे आणि सगळीकडून त्याच्यापर्यंत, असे दोन डायक्स्ट्रा एकदाच चालवून वेळा साठवा. वन-वेमुळे दोन्ही दिशा लागतात. मग अंदाज असा:

```
h(v) = max over L ( d(L,t) - d(L,v),  d(v,L) - d(t,L),  0 )
```

बुटीबोरीहून मुक्काम 50 मिनिटांवर आणि आपला चौक 30 मिनिटांवर असेल, तर चौकापासून मुक्काम 20 मिनिटांपेक्षा जवळ असूच शकत नाही. तसा असता तर बुटीबोरीहून मुक्कामही 50 च्या आत आला असता. एवढ्यावरूनच हा अंदाज ॲडमिसिबल ठरतो. एक लाख चौक, 8 लँडमार्क, 2 दिशा आणि दर आकड्याला 4 बाइट धरले तर 64 लाख बाइट लागतात. आजच्या फोनलाही ते जड नाही.

पण साठवलेल्या वेळा शिळ्या होतात. रस्त्यावर जाम लागून वेळ वाढला तर जुना अंदाज कमीच भरतो, त्यामुळे तो चालतो. नवा उड्डाणपूल सुरू होऊन वेळ घटला, की जुना अंदाज जास्त भरू लागतो. म्हणून लँडमार्कच्या वेळा नेहमी मोकळ्या रस्त्याच्या धराव्यात, आणि कामठी रोडच्या डबलडेकरसारखा पूल खुला झाला की लगेच पुन्हा मोजाव्यात. ही मोजणी वेळच्या वेळी करणारे कोणी नसेल, तर दुसरा पर्यायच बरा. रस्त्याचा वेळ घटला तरी कमाल वेग ओलांडला जात नाही तोवर तो ॲडमिसिबलच राहतो.

कोणताही पर्याय घ्या, चालवण्याआधी तपासा. एक मुक्काम `t` निवडा, सगळे रस्ते उलटे करून तिथून डायक्स्ट्रा चालवा. प्रत्येक चौकाचा खरा उरलेला वेळ मिळतो:

```python
d = dijkstra(reverse_graph, t)
bad = [v for v in d if h(v, t) > d[v] + 1e-6]
```

शहराच्या चारी बाजूंचे आणि मध्यातले असे पंचवीस-तीस मुक्काम घेऊन हे चालवा. `bad` मध्ये आलेले चौक नकाशावर टिंबांनी दाखवले की कारण सहसा आकारावरूनच कळते. टिंबे एकाच महामार्गालगत पडली तर कमाल वेग कमी धरला आहे. मुक्कामाच्या पूर्वेला आणि पश्चिमेला पडली तर रेखांशाचा गुणक चुकला आहे. एखाद्या नव्या पुलाच्या एका बाजूला गर्दी झाली तर लँडमार्कच्या वेळा जुन्या आहेत.