ऑर्डर 6 चे ग्रुप: कॉन्जुगेशन की कोसेट?

ऑर्डर 6 चा प्रत्येक ग्रुप चक्रीय असतो किंवा `S₃` शी आयसोमॉर्फिक, हे दोन वाटांनी सिद्ध करता येतं: एक कॉन्जुगेशनची, दुसरी कोसेटांची. दोन्ही युक्तिवादांची सुरुवात एकच. कोशीच्या प्रमेयानुसार ऑर्डर 6 च्या `G` मध्ये ऑर्डर 3 चा `a` आणि ऑर्डर 2 चा `b` मिळतो. वाटा यानंतर फुटतात.

पहिल्या वाटेत `⟨a⟩` चा इंडेक्स 2, म्हणून तो नॉर्मल. मग `bab⁻¹` हा `a` किंवा `a²` असणार. `a` असेल तर `ab` ची ऑर्डर 6 येते आणि ग्रुप चक्रीय ठरतो. `a²` असेल तर `ba = a²b`, आणि `aⁱbʲ` या सहा घटकांचा सगळा गुणाकार त्यावरून ठरतो. इथेच विद्यार्थी थांबतात. पण यावरून असा ग्रुप फार तर एकच आहे, एवढंच कळतं. तो खरोखर आहे हे दाखवायला `S₃` मध्ये `a = (1 2 3)`, `b = (1 2)` घेऊन तो संबंध तपासावा लागतो.

दुसऱ्या वाटेत `K = ⟨b⟩` च्या तीन डाव्या कोसेटांवर `G` ची क्रिया पाहायची. त्यातून `G → S₃` हे होमोमॉर्फिझम मिळतं आणि त्याचं कर्नल `K` च्या आत असतं. कर्नल क्षुल्लक असेल तर दोन्हीकडे सहाच घटक, म्हणून `G ≅ S₃`. नाहीतर कर्नल म्हणजेच `K`. तो नॉर्मल, म्हणून `aba⁻¹ = b`, आणि ग्रुप पुन्हा चक्रीय.

मला दुसरी वाट जास्त आवडते, कारण `S₃` इथे आपसूक समोर येतो. मात्र ऑर्डर 10 ला ती अपुरी पडते: तिथे `K` चे कोसेट पाच, आणि `S₅` मध्ये 120 घटक आहेत, त्यामुळे नुसत्या मोजणीने काम होत नाही. पहिली वाट तिथेही चालते.