पेडणे की सावंतवाडी: दुसऱ्या बायकोची बाजू कुठे बरी?

पहिली बायको हयात, घटस्फोट नाही, आणि नवरा दुसरं लग्न करतो. ते लग्न दोन्हीकडे टिकत नाही. १८८० च्या पोर्तुगीज हुकुमानं गोव्यातल्या हिंदू पुरुषाला अपत्य नसल्यास काही अटींवर सूट दिली होती, पण तिचा हवाला देत कोणी स्थळ घेऊन आलं तर मी दुरूनच नमस्कार करीन.

फरक पडतो तो नंतर. सावंतवाडीत हिंदू विवाह कायदा लागतो. दुसरी फसवली गेली असली तरी वारस होत नाही, फार तर पोटगी मागू शकते. तिची मुलं मात्र कलम १६ मुळे औरस. बापाच्या नावावरचं ४५ लाखांचं स्वकष्टाचं घर, मृत्युपत्र नाही, तर पहिली बायको, तिचा मुलगा आणि दुसरीची मुलगी, प्रत्येकाला १५ लाख.

पेडण्यात गोव्याचा पोर्तुगीजकालीन नागरी कायदा लागतो. तिथं हेच घर लग्नानंतर घेतलेलं असेल आणि वेगळा विवाहपूर्व करार नसेल, तर निम्मं आधीपासूनच पहिलीचं. वाटणी उरलेल्या साडेबावीस लाखांचीच. इथं प्रश्न विचारला जातो दुसरीच्या सद्भावनेचा: पहिलं लग्न तिला ठाऊक नव्हतं, तर रद्द ठरलेल्या लग्नाचेही दिवाणी परिणाम तिला नि मुलांना मिळतात. पण त्यासाठी लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदलेलं हवं. नुसत्या देवळातल्या माळेवर हा दावा उभाच राहत नाही, फोटो कितीही असोत.