दोन फोन, एक जोडी बड्स: मल्टिपॉइंट काही महिने वापरल्यानंतर

मधल्या किमतीतले मल्टिपॉइंटवाले, म्हणजे एकाच वेळी दोन उपकरणांशी जोडलेले राहणारे बड्स घरच्या आणि ऑफिसच्या अशा दोन अँड्रॉइड फोनवर काही महिने वापरल्यावर हे लिहितोय. आवाज, माइक, बॅटरी या तिन्हींत नाव ठेवायला जागा नाही, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. सगळा मुद्दा "नको त्या फोनला जातात" या एका तक्रारीचा आहे. बहुतेक वेळा ती सेटिंगने मिटते. पण कारण न ओळखता नुसतं अनपेअर-पेअर करत बसलं, तर चार दिवसांत पुन्हा तेच सुरू होतं.

आधी ओळखायचं ते हे, की बिघाड जोडणीत आहे की आवाजात. गाणं थांबलं किंवा सुरूच झालं नाही, की दोन्ही फोनवर ब्लूटूथची यादी उघडा. हव्या त्या फोनवर बड्स जोडलेलेच दिसत नसतील, तर त्यांची जागा तिसऱ्याच कुणीतरी अडवलेली असते. दोन्हीकडे जोडलेले दिसत असतील आणि तरी आवाज येत नसेल, तर जोडणी ठीक आहे आणि दुसऱ्या फोनने आवाजाचा रस्ता धरून ठेवलेला आहे. काही अँड्रॉइड फोनवर नावाखाली Connected ऐवजी Active दिसतं. त्याचा अर्थ एवढाच, की तो फोन स्वतःचा आवाज बड्सकडे पाठवायला तयार आहे. दोन्ही फोनवर एकाच वेळी Active दिसू शकतं, त्यामुळे त्यावरून निकाल लावू नका.

जोडणीचा घोटाळा तिसऱ्या उपकरणामुळे होतो. बड्स एका वेळी दोघांशीच बोलतात, पण लक्षात मात्र त्याहून जास्त उपकरणं ठेवतात. डबीतून बाहेर काढले की ते शेवटी जोडलेल्या उपकरणांना हाक मारतात. त्याच वेळी घरातला जुना फोन, टॅबलेट किंवा लॅपटॉपही आपणहून जोडायला बघत असतो. जो आधी पोचला त्याला जागा मिळते. म्हणून ऑफिसात सगळं सुरळीत आणि घरी आल्यावर गोंधळ असं होत असेल, तर पहिला संशय घरातल्या जुन्या टॅबवर घ्या.

यावर उपाय म्हणजे एकदाच पूर्ण साफसफाई. जिथे जिथे हे बड्स कधी जोडले असतील, त्या प्रत्येक उपकरणावर Forget करा. नुसतं Disconnect पुरत नाही. मग बड्स फॅक्टरी रीसेट करा. त्याची पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते, ती माहितीपुस्तिकेत असते. आता मुख्य फोनवर पेअर करा, कंपनीच्या ॲपमध्ये Dual connection किंवा तशाच नावाचं बटण सुरू आहे ना ते बघा, आणि त्या फोनचं ब्लूटूथ बंद करा. बड्स पेअरिंग मोडमध्ये टाकून दुसरा फोन जोडा. शेवटी पहिल्याचं ब्लूटूथ चालू करून यादीतल्या नावावर टॅप करा. पहिल्याचं ब्लूटूथ मध्ये बंद करायला सांगतोय, कारण ते चालू राहिलं तर बड्स परत त्याच्याकडेच धावतात आणि दुसऱ्या फोनला दिसतच नाहीत. रीसेटनंतर काही मॉडेलमध्ये मल्टिपॉइंट आपोआप बंद होतं, तेव्हा ॲपमधलं बटण तपासायला विसरू नका.

आता खरी डोकेदुखी: दोन्ही फोन जोडलेले आहेत, आणि आवाज मात्र भलत्याचाच. इथे बड्सचे दोन स्वभाव दिसतात. काही बड्स आधी वाजणाऱ्याला धरून बसतात. तो थांबेपर्यंत दुसऱ्या फोनवर व्हिडिओ पुढे सरकत राहतो, पण ऐकू काहीच येत नाही. काही बड्स नव्याने वाजू लागलेल्याकडे वळतात आणि पहिल्याला पॉज करतात. कॉल मात्र सर्वसाधारणपणे दोन्ही प्रकारांत गाण्याच्या वर असतो.

मेख अशी आहे, की बड्सना गाणं आणि "टिंग" यांतला फरक कळत नाही. ऑफिसच्या फोनवर मेलचा नोटिफिकेशनचा आवाज, कीबोर्डची टकटक, आवाज शून्यावर असलेली रील, यांतलं काहीही त्या फोनमधून बड्सकडे आवाजाचा प्रवाह उघडू शकतं. टिंग क्षणभराचा असला तरी प्रवाह काही सेकंद उघडाच राहतो. तेवढ्यात घरच्या फोनवरचं गाणं कापलं जातं, किंवा पॉज होऊन तसंच राहतं. खात्री करायची असेल तर घरच्या फोनवर गाणं लावा, ऑफिसचा फोन सायलेंट करा आणि त्यावर कुणाला तरी मेसेज पाठवायला सांगा. मग सायलेंट काढून पुन्हा तेच करा. दुसऱ्या वेळीच गाणं तुटलं, तर चोर सापडला.

फोन कायम सायलेंट ठेवला तर कॉल हुकतात. सगळ्यात टिकाऊ उपाय वेगळा आहे: ऑफिसच्या फोनकडून फक्त कॉल घ्यायचे. त्या फोनच्या ब्लूटूथ यादीत बड्सच्या नावाशेजारचं गिअरचं चिन्ह दाबा. तिथे साधारण Phone calls आणि Media audio अशी दोन बटणं असतात. काही फोनवर त्यांची नावं Calls आणि Audio अशी दिसतात. यातलं मीडियाचं बटण बंद करा, कॉलचं चालू राहू द्या. आता त्या फोनवर कितीही टिंग वाजले तरी ते त्याच्याच स्पीकरवर वाजतील. गाणं अडेल ते कॉल आल्यावरच, आणि कॉल संपला की घरच्या फोनवरचं गाणं बहुतेक वेळा आपोआप पुढे सुरू होतं.

याची किंमतही आहे. त्या फोनवरचे व्हॉइस मेसेज आणि व्हिडिओ बड्समध्ये येणार नाहीत. व्हॉट्सॲपचे कॉल मात्र येतात, कारण ते कॉलच्याच वाटेने जातात. बड्स पुन्हा पेअर केले की हे बटण परत चालू होतं, तेव्हा ते पुन्हा बंद करावं लागतं.

आयफोनवर असं वेगवेगळं बटण मिळत नाही. एक आयफोन आणि एक अँड्रॉइड असेल, तर आयफोनला गाण्यांचा मुख्य फोन करा आणि अँड्रॉइडला फक्त कॉल द्या. उलटं जमत नाही. दोन्ही आयफोन असतील तर दुसऱ्यावरचा कीबोर्डचा आवाज आणि नोटिफिकेशनचे आवाज बंद करण्यावर भागवावं लागतं. आणखी एक लक्षात ठेवा: कंट्रोल सेंटरमधलं ब्लूटूथचं बटण ब्लूटूथ पूर्ण बंद करत नाही, उपकरणं फक्त तात्पुरती तोडतं. पहाटे ५ वाजता किंवा फोन रीस्टार्ट झाला की जोडणी परत सुरू होते. खरोखर बंद करायचं तर Settings मध्ये जाऊनच करा.

एक त्रास सेटिंगने जात नाही. ऑफिसचा फोन टेबलावर ठेवून कँटीनला गेलात, की बड्स त्या हरवलेल्या फोनला काही वेळ शोधत राहतात आणि तेवढ्यात खिशातल्या फोनचं गाणं मधेमधे अडखळतं. लांब जायचं असेल तर निघण्यापूर्वी त्या फोनवर Disconnect करा. शिवाय काही मॉडेलमध्ये मल्टिपॉइंट चालू असताना एलडॅकसारखा उच्च दर्जाचा कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत, बंद पडतो. आवाजाच्या दर्जासाठीच ते मॉडेल घेत असाल, तर हे आधी विचारून घ्या.

एअरपॉड्स घेणाऱ्यांसाठी: त्यांत असा मल्टिपॉइंट नाही. ते एकाच ॲपल खात्याच्या उपकरणांमध्ये स्वतःहून उडी मारतात. ती उडी नको असेल तर जोडलेले असताना त्यांच्या सेटिंगमध्ये Connect to This iPhone इथे Automatically ऐवजी दुसरा पर्याय निवडा.

नवे बड्स घेतलेत तर परत करायची मुदत संपण्याआधी एवढं करून बघा. दोन्ही फोन जोडा, एकावर गाणं लावा, दुसऱ्यावर व्हिडिओ सुरू करा आणि बड्स कुणाला धरतात ते पाहा. मग गाणं चालू असताना दुसऱ्या फोनवर कॉल घ्या, ठेवा, आणि गाणं आपोआप परत येतं का ते तपासा. परत येत नसेल आणि ॲपमध्ये फर्मवेअरचं अपडेटही नसेल, तर बड्स बदलून घ्या.